घरच्या वहीतल्या नोंदींवरून बँक कर्जाची कागदयादी अशी तयार करा

अलिबाग (वार्ताहर) : आपल्या किनारपट्टीच्या गावांत बहुतेक घरी जमिनीची एक वही असते. कुणाकडे जुनी डायरी असते, कुणाकडे कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं असतं, तर कुणाकडे ट्रंकेत गुंडाळून ठेवलेल्या कागदांवर आजोबांच्या हातच्या चार ओळी असतात. ‘वाडी ३२ गुंठे’, ‘सोसायटी फेडली’, ‘मामलेदार कचेरीत पैसे भरले’ अशा त्या नोंदी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे घरांची कौलं-पत्रे उडाले तेव्हा कित्येक घरांचे मूळ कागद भिजले. अशा घरांना आता वहीतल्या ओळींचाच आधार आहे.

वाडीत नवीन नारळ-सुपारी लावायची, विहिरीचं काम करायचं म्हणून माणूस बँकेत जातो. बँक कागद मागते, आपण वही उघडतो आणि तिथंच अडतो. कारण वहीतली ओळ म्हणजे कागद नव्हे. तो कागद कोणत्या कचेरीत मिळेल याचा ती फक्त माग देते. हा माग धरून यादी कशी करायची ते एका उदाहरणावरून पाहू.

कर्ज किती, त्यावर यादी ठरते

आधी कर्जाचा आकडा ठरवा. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागायचं नाही. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. किसान क्रेडिट कार्डावर एवढंच पीककर्ज हवं असेल तर सातबारा, ८अ, आधार, पॅन, फोटो आणि दुसरीकडे थकबाकी नसल्याचा दाखला एवढ्यावर बरंचसं काम होतं. पण त्यासाठीही सातबाऱ्यावर अर्जदाराचं नाव हवंच.

कर्ज त्याच्या वर गेलं की जमीन तारण द्यावी लागते. मग बँक आपल्या वकिलाकडून जमिनीचा मागचा इतिहास तपासून घेते. त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. साधारण ३० वर्षांचे व्यवहार त्यात पाहिले जातात. खाली दिलेली यादी या दुसऱ्या प्रकारच्या कर्जासाठी आहे.

नमुन्याची वही

समजण्यासाठी अलिबाग-मुरूड पट्ट्यातल्या एका घरची वही घेऊ. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण अशा ओळी आपल्यालाही आपल्या वहीत सापडतील. नातवाला वाडीवर ६ लाखांचं कर्ज काढायचं आहे. वहीत सहा नोंदी आहेत :

१) वाडी स.नं. ४१ हि. २, ३२ गुंठे, जि. कुलाबा. कुळाने.
२) १९६२ – मामलेदार कचेरीत पैसे भरले. दाखला मिळाला.
३) आजोबा गेले १९७९. नाव दादांचे लावले.
४) १९८८ – सोसायटी ६,००० रु. फिटले १९९४.
५) रस्त्याला ३ गुंठे गेले. भरपाई मिळाली.
६) घर नं. ११२, पट्टी भरली, उतारा आहे.

‘दादा’ म्हणजे थोरले काका. ते मुंबईला असतात. अर्जदाराचे वडील धाकटे, ते २००९ साली वारले. एक आत्या आहे, ती लग्न होऊन श्रीवर्धनला. घरात आई आहे आणि बहीण लग्न होऊन पेणला गेली आहे.

कोरं पान घ्या, पाच रकाने आखा

वहीतल्या ओळी जशाच्या तशा, क्रमांक घालून नव्या पानावर उतरवा. मूळ वहीत खाडाखोड करू नका. प्रत्येक ओळीपुढे पाच रकाने आखा : नोंद काय आहे, त्याचा सरकारी कागद कोणता, तो कोणत्या कचेरीत मिळतो, हातात मूळ आहे की नक्कल की काहीच नाही, आणि आजच्या सातबाऱ्याशी जुळतो का.

यात पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कागद हरवला तर त्याची नक्कल बहुतेक वेळा मिळते. बँकेत प्रकरण अडकतं ते दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. एकात ३२ गुंठे, दुसऱ्यात २९. एकात आजोबांचं नाव, दुसऱ्यात काकांचं. वकील नेमकं हेच शोधतो. त्याच्या आधी आपण शोधलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

पाचवा रकाना भरण्यासाठी आजचा सातबारा लागेल. नुसता वाचायचा असेल तर bhulekh.mahabhumi.gov.in वर फुकट दिसतो, पण तो कामाला चालत नाही. बँकेसाठी digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा उतारा घ्यायचा. त्याला एका प्रतीचे १५ रुपये पडतात. मात्र सुरुवातीला फुकटचाच पाहा. दुरुस्त्या झाल्यावर उतारा बदलणार आहे आणि बँकेला ताजा उतारा लागतो. आज पैसे भरून काढलेला उतारा तोपर्यंत जुना होतो.

सातबारा उलटा वाचा

बरेच जण सातबाऱ्यावर फक्त नाव आणि क्षेत्र पाहतात. पण प्रत्येक नावाजवळ एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. ते नाव तिथं कसं आलं हे त्या फेरफारात लिहिलेलं असतं : वारसाने, खरेदीने, वाटपाने की कुळ म्हणून. नमुना सातच्या खालच्या बाजूला ‘जुने फेरफार क्रमांक’ म्हणून आणखी आकडे असतात. वहीतली माहिती आपण जुन्याकडून नव्याकडे वाचतो. सातबारा मात्र आजच्या नावापासून मागे मागे वाचायचा. दोन्हीकडून आलेले धागे मधे जुळले की साखळी पूर्ण होते.

अलीकडचे फेरफार डिजिटल सहीने त्याच संकेतस्थळावर मिळतात. जुन्या हस्तलिखित फेरफारांसाठी आणि जुन्या सातबाऱ्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. अर्जावर गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि फेरफार क्रमांक लिहा. ‘आजोबांच्या वेळचा फेरफार द्या’ म्हटलं तर शोधणाऱ्यालाही सापडणार नाही.

नोंद १ : जमीन कोणती, किती

पहिल्या ओळीत तीन गोष्टी तपासायच्या. जिल्हा कुलाबा पाहून गोंधळू नका. १९८१ साली कुलाब्याचं नाव रायगड झालं, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर कुलाबाच असणार. दुसरं, नंबर. ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आपल्या गावात नंबर बदलला असेल तर जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारा उतारा भूमी अभिलेख किंवा तलाठी कार्यालयातून घ्यावा लागतो. आपल्या नमुन्यात ४१/२ हाच नंबर आजही आहे.

तिसरं, क्षेत्र. वहीत गुंठे, सातबाऱ्यात हेक्टर-आर-चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे ३२ गुंठे झाले ३,२३७ चौरस मीटर आणि सातबाऱ्यावर ते ०.३२.३७ असे दिसायला हवेत. गुंठा म्हणजेच आर असं धरून ०.३२.०० शोधत बसलात तर उगाच फरक दिसेल. लागवडीखालचं क्षेत्र आणि पोटखराबा हे वेगळे छापलेले असतात, त्यांची बेरीज करून मग पाहा.

नोंद ५ : रस्त्यात गेलेली जमीन

क्षेत्राचा विषय आला म्हणून पाचवी ओळ इथंच घेऊ. ३ गुंठे रस्त्यात गेले, म्हणजे आता २९ गुंठे राहिले. ते ०.२९.३४ होतात. पण आपल्या नमुन्यात सातबारा अजूनही ०.३२.३७ दाखवतो. याचा अर्थ भूसंपादन झालं, भरपाई मिळाली, पण कमी-जास्त पत्रक होऊन सातबाऱ्यावर अंमल झाला नाही. या पत्रकाला कचेरीत ‘कजाप’ म्हणतात.

बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस वाडीत येतो तेव्हा त्याला रस्ता दिसतो. कागदावर एक आणि जागेवर दुसरं, असा शेरा त्याने मारला की फाईल परत येते. यासाठी लागणारे कागद दोन : भूसंपादनाचा निवाडा किंवा भरपाईची नोटीस, आणि भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातला कजाप. कजाप तयार असेल तर तलाठ्याकडून अंमल करून घ्यायचा. तयारच नसेल तर संपादन करणाऱ्या खात्याकडून मोजणी व्हावी लागते आणि त्याला वेळ लागतो. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या पट्ट्यात ज्यांच्या जमिनी मोजल्या जात आहेत त्यांनी आत्ताच्या नोटिसा नीट जपून ठेवाव्यात. पुढे हाच प्रश्न येणार आहे.

नोंद २ : मामलेदार कचेरीत भरलेले पैसे

ही ओळ वाचून अनेकांना वाटतं की शेतसारा भरला असेल. पण पहिल्या ओळीत ‘कुळाने’ आहे. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. त्यानंतर कलम ३२ग खाली चौकशी होऊन जमिनीची किंमत ठरली, आणि ती पूर्ण भरल्यावर कलम ३२म चं प्रमाणपत्र मिळालं. वहीतला ‘दाखला’ म्हणजे तेच प्रमाणपत्र. या घराचा मालकीचा मूळ कागद हाच. तो भिजला असेल तर तहसीलच्या कुळकायदा शाखेतून नक्कल मागा. सोबत ३२म चा फेरफारही घ्या.

आता सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पाहा. कुळकायदा कलम ४३ च्या बंधनाचा शेरा तिथे असेल तर तो कर्जाच्या आड येतो. कारण अशी जमीन विकायलाच नाही तर गहाण टाकायलाही आधी परवानगी घ्यावी असं त्या कलमात होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदी प्रमाणपत्राला १० वर्षं उलटलेली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून हे बंधन सुटतं. ऐकायला ४० पट मोठं वाटतं, पण आकार म्हणजे सातबाऱ्यावर छापलेला शेतसारा. आपल्या नमुन्यात तो ३ रुपये ७५ पैसे आहे. त्याची ४० पट म्हणजे १५० रुपये. पैशांपेक्षा अर्ज, ३२म ची नक्कल आणि चलन यांचीच धावपळ जास्त असते. हे काम तहसील कार्यालयात होतं. ते झाल्यावर शेरा कमी करणारा फेरफार झाला की नाही हे पुन्हा उताऱ्यावर पाहा. नुसती चलनाची पावती घेऊन घरी येऊ नका.

नोंद ३ : नाव कोणाचं

‘नाव दादांचे लावले’ ही या वहीतली सगळ्यात अवघड ओळ. १९७९ च्या फेरफारात काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं आहे. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या काळी घरातल्या कर्त्या मुलाचं एकट्याचं नाव लावण्याची पद्धत होती. त्याने काका एकटे मालक झाले नाहीत, आणि बाकीच्यांचा हक्कही गेला नाही. पण बँकेच्या दृष्टीने अर्जदाराचं नाव सातबाऱ्यावर नाही. वाडी कोण कसतो, नारळ कोण उतरवतो याला इथे किंमत नाही.

मग काय करायचं? मॅनेजरची नोंद कमी करून आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं लावायची. आजोबांचे वारस काका, वडील आणि आत्या. वडील हयात नाहीत म्हणून त्यांच्या जागी आई, अर्जदार आणि बहीण. म्हणजे सातबाऱ्यावर पाच नावं येतील. मुलींची नावं गाळून फेरफार घालू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगी वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क आहे. गाळलेलं नाव वकिलाला वंशावळीत दिसतं आणि सर्च रिपोर्टमध्ये तोच दोष म्हणून येतो.

यासाठी लागणारे कागद : आजोबा आणि वडील या दोघांचे मृत्यूदाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, सगळ्यांचे पत्ते आणि आधार. आजोबांचा मृत्यूदाखला सर्वांत आधी शोधा. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नोंद सापडली तर तो लवकर मिळतो. नोंदच झालेली नसेल तर उशिराच्या नोंदीची वेगळी प्रक्रिया आहे आणि तिला बरेच दिवस लागतात. अर्ज तलाठ्याकडे देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून भरता येतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफार नोंदवल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त होते आणि पुढे सुनावणी लागते. म्हणून अर्ज देण्याआधी मुंबईच्या काकांना फोन करून, समोर बसून बोलून घ्यावं. सरकारी नोटीस अचानक हातात पडली की सरळ माणूसही हरकत घेतो.

मयत खातेदारांच्या वारसांची नावं लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. आपल्या गावात त्यात कोणकोणत्या नोंदी झाल्या ते आधी पाहून घ्या. कदाचित आपलं निम्मं काम तिथे झालेलं असेल.

आता पाच नावं लागली तरी कर्ज एकाला हवं आहे. इथे तीन रस्ते आहेत. पहिला, पाचही जणांनी तारणाला संमती देऊन बँकेत सह्या करायच्या. दुसरा, ज्यांना हिस्सा नको त्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून हक्कसोड पत्र द्यायचं. तिसरा, महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेऊन अर्जदाराचा हिस्सा वेगळा काढायचा. यातला पहिला रस्ता सगळ्यात लवकर होतो, पण कर्ज थकलं तर सगळ्यांची जमीन अडकते, हे सह्या करणाऱ्यांना आधी सांगायला हवं. जमीन कुळाची असल्याने हक्कसोड किंवा वाटप करण्याआधी वरचा कलम ४३ चा विषय मिटवून घ्यावा. शंभराच्या स्टॅम्पवर घरात लिहिलेली वाटणी आणि ‘तोंडी वाटप झालं आहे’ हे बँकेत पुरत नाही.

नावाची आणखी एक अडचण येते. जुन्या फेरफारात ‘अमुक बिन तमुक’ असं लिहिलेलं असतं. बिन म्हणजे मुलगा. त्यात आडनाव नसतं. आधारवर आडनावासकट पूर्ण नाव असतं. दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडली की बहुतेक वेळा भागतं. सातबारा संगणकावर चढवताना नावात लेखनाची चूक झाली असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याला मूळ हस्तलिखित सातबारा किंवा फेरफार पुरावा म्हणून लागतो.

नोंद ४ : फिटलेलं कर्ज

वहीत ‘फिटले १९९४’ आहे आणि ते खरंही असेल. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा ६,००० रुपयांचा बोजा अजून दिसतो. कर्ज फिटलं की बोजा आपोआप निघत नाही. विविध कार्यकारी सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्यायचा आणि तो तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करण्याचा फेरफार घालायचा. फेडीची पावती असेल तर दाखला मिळणं सोपं जातं. सोसायटी बंद पडली असेल किंवा दुसऱ्या सोसायटीत विलीन झाली असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जुनं दप्तर कुठे आहे ते विचारावं.

नोंद ६ : घराचा उतारा

घर नंबर ११२ चा उतारा या कर्जात लागतो तो राहण्याचा पत्ता दाखवायला. पण इथे नावांचा घोळ होतो तो नीट समजून घ्या. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ म्हणजे घरपट्टीची आकारणी. तलाठ्याकडचा ‘८अ’ म्हणजे एका खात्यावर गावात किती जमीन आहे त्याचा उतारा. बँक ८अ मागते आणि आपण नमुना ८ घेऊन जातो, असं नेहमी होतं. घरपट्टी भरली म्हणून घराची मालकी सिद्ध होत नाही. घरच तारण द्यायचं असेल तर गावठाणातल्या घराला मालमत्ता पत्रक लागतं. ड्रोन मोजणी करून स्वामित्व योजनेतून ही पत्रकं दिली जात आहेत. आपल्या गावचं झालं आहे का ते भूमी अभिलेख कार्यालयात कळेल.

तयार झालेली यादी

वहीतल्या सहा ओळींची आता अशी यादी झाली. हे पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

जमीन कोणती, किती
– डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ (सगळ्यात शेवटी काढायचे)
– गावनकाशा किंवा मोजणी नकाशा, चतुःसीमा
– रस्त्यात गेलेल्या भागाचा निवाडा किंवा नोटीस, कजाप

मालकी कशी आली
– ३२म प्रमाणपत्र आणि त्याचा फेरफार
– कलम ४३ चं चलन आणि शेरा कमी झाल्याचा फेरफार
– १९७९ पासून आजपर्यंतचे सगळे फेरफार, क्रमाने
– मधल्या काळातले जुने हस्तलिखित सातबारे

नाव कोणाचं
– आजोबा आणि वडिलांचे मृत्यूदाखले
– वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वारस फेरफार
– सहहिस्सेदारांची संमती, किंवा नोंदणीकृत हक्कसोड, किंवा वाटपाचा आदेश
– नावात फरक असल्यास एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र

बोजा काय
– सोसायटीचा बेबाकी दाखला, बोजा कमी झाल्याचा फेरफार
– परिसरातल्या इतर बँका-सोसायट्यांचे थकबाकी नसल्याचे दाखले

अर्जदाराचे
– आधार, पॅन, फोटो, पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक
– कामाचं अंदाजपत्रक किंवा कोटेशन
– सातबाऱ्यावर पिकाची नोंद (ई-पीक पाहणीत नारळ-सुपारी चढवलेली असावी. पड दिसत असेल तर बँक विचारते)

कोणतं काम आधी

सगळ्या कामांना एकदम हात घालू नका. पहिल्यांदा वारस फेरफार, कारण पुढचे सगळे अर्ज ज्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत त्यांनी करायचे असतात. तो चालू असताना अभिलेख कक्षात जुन्या नकलांचा अर्ज टाकून ठेवा आणि सोसायटीचा दाखला मिळवा. त्यानंतर कलम ४३ आणि क्षेत्राची दुरुस्ती. या सगळ्याचे फेरफार प्रमाणित झाले की मगच पैसे भरून नवीन सातबारा, ८अ काढा आणि बँकेत जा. सर्च रिपोर्टची फी अर्जदारालाच भरावी लागते. दुरुस्तीच्या आधी वकिलाकडे गेलात तर दोष दाखवणारा रिपोर्ट हातात येतो, आणि दुरुस्तीनंतर तीच फी पुन्हा भरण्याची वेळ येऊ शकते.

काही कागद तरीही मिळणार नाहीत. तहसीलच्या दप्तरातलंही पान कधी जीर्ण झालेलं असतं. अशा वेळी ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘नाही सापडत’ याला वकील विचारात घेत नाही. लेखी उत्तर असेल तर त्या जागी पुढचा-मागचा फेरफार, शेतसाऱ्याच्या पावत्या असा दुसरा पुरावा चालेल का ते तो पाहू शकतो. मोडीतला कागद असेल तर जाणकाराकडून त्याचं लिप्यंतर करून जोडा.

बँकेत मूळ कागद देताना प्रत्येकाची तारीख आणि क्रमांक लिहून दोन प्रती करा आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ती पोच त्याच जुन्या वहीत चिकटवा, आणि खाली कर्जाची रक्कम, बँकेची शाखा आणि बोजा चढवलेला फेरफार क्रमांक लिहून ठेवा. उद्या कर्ज फिटल्यावर बोजा उतरवायला जो कुणी तलाठी कार्यालयात जाईल, त्याच्या हातात नुसतं ‘फिटले’ एवढंच नसेल, फेरफाराचा नंबरही असेल.